पहिल्या प्रश्नाला बरोबर, दुसऱ्याला भलतंच: कागदपत्रांचा चॅटबॉट मध्येच का भरकटतो

सध्या जिकडे तिकडे "तुमच्या पीडीएफला प्रश्न विचारा" असे चॅटबॉट आलेत. ऑफिसच्या रजेच्या नियमांवर, विम्याच्या पॉलिसीवर, कॉलेजच्या प्रवेश पुस्तिकेवर, आणि पुण्यात तर आता हाउसिंग सोसायट्याही आपल्या उपविधींवर असं काहीतरी बसवून घ्यायला लागल्यात, कारण सेक्रेटरीला रोज तेच तेच प्रश्न येतात आणि उपविधींचं ते जाड पुस्तक कोणी उघडत नाही.

हे वापरणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिल्या प्रश्नाला एकदम झकास उत्तर येतं, मग माणूस सहज पुढचा प्रश्न विचारतो आणि बॉट काहीतरी वेगळंच सांगायला लागतो, नाहीतर "या कागदपत्रात अशी माहिती नाही" म्हणतो. माहिती तर त्याच पानावर असते! आमच्याकडच्या एका काकू कमिटीत खजिनदार आहेत, त्या वैतागून म्हणाल्या, "अरे मी काय जर्मनमध्ये विचारलं का? आत्ताच तर बोलत होतो ना आपण त्याच्याबद्दल."

काकूंचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि उत्तर त्याच वाक्यात आहे. बोलत होतो "आपण", पण पुस्तकात शोधणारा जो भाग असतो तो या बोलण्यात नव्हताच.

## आत नक्की काय चालतं

कागदपत्रांच्या चॅटबॉटमध्ये दोन वेगळी कामं होतात आणि ती वेगवेगळे भाग करतात. एक म्हणजे शोधणं, दुसरं म्हणजे उत्तर लिहिणं. आधी सगळ्या पुस्तकाचे छोटे छोटे तुकडे करून ठेवतात, साधारण एकेक परिच्छेद किंवा एकेक कलम. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचं आकड्यांच्या एका लांब यादीत रूपांतर केलेलं असतं, याला एम्बेडिंग म्हणतात. ज्या दोन मजकुरांचा अर्थ जवळचा, त्यांचे आकडेही एकमेकांच्या जवळ येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तुम्ही प्रश्न विचारला की त्याचेही तसेच आकडे काढतात, त्यांच्या सगळ्यात जवळचे चार-पाच तुकडे उचलतात आणि मग तुमचा प्रश्न अधिक ते तुकडे असं भाषा मॉडेलला देऊन सांगतात की यातून उत्तर लिही. शोधून मग लिहायच्या या पद्धतीला "रॅग" हे नाव 2020 च्या एका शोधनिबंधातून मिळालं आणि आज बाजारातले बहुतेक डॉक्युमेंट चॅटबॉट याच वाटेने जातात.

सरकारी कचेरीत कसं असतं बघा. खिडकीवरचा कारकून तुमच्याशी बोलतो, तुमची सगळी कहाणी ऐकतो, आणि एका चिठ्ठीवर काय हवंय ते लिहून आतल्या रेकॉर्ड रूमला पाठवतो. आतला माणूस तुमचं काहीच ऐकत नाही, त्याच्या हातात फक्त चिठ्ठी पडते. चिठ्ठीवर "सर्व्हे नंबर अमुक, फेरफार नोंदी" असं लिहिलं असेल तर तो बरोबर फाइल काढेल, पण चिठ्ठीवर नुसतं "आणि त्याच्या भावाचं?" लिहिलं तर तो बिचारा काय काढणार.

चॅटबॉटमध्ये उत्तर लिहिणारं मॉडेल म्हणजे हा खिडकीवरचा माणूस, त्याला मागचं बोलणं माहीत असतं. शोधणारा भाग म्हणजे आतला माणूस, त्याला फक्त चिठ्ठी. आणि साध्या पद्धतीने बनवलेल्या बॉटमध्ये तुमचा शेवटचा मेसेज जसाच्या तसा चिठ्ठी म्हणून आत जातो. सगळी गडबड इथे आहे.

## "आणि मुलगी राहत असेल तर?"

आता उपविधींच्याच बॉटवर एक संभाषण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून जाऊ.

पहिला प्रश्न: "फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी जास्तीचे किती पैसे घेऊ शकते?" हा प्रश्न स्वतःच्या पायावर उभा आहे. फ्लॅट, भाडं, सोसायटी, पैसे, सगळं त्यात आहे. शोधणाऱ्याला बिनभोगवटा शुल्काचं कलम सापडतं (सगळे याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसच म्हणतात) आणि बॉट बरोबर सांगतो की हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महानगरपालिकेचे कर धरायचे नाहीत. म्हणजे महिन्याचं सेवा शुल्क 2,000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 200 रुपये.

दुसरा प्रश्न: "आणि मुलगी राहत असेल तर?"

आपल्याला लगेच कळतं की भाडेकरूच्या ऐवजी सभासदाची मुलगी त्या फ्लॅटमध्ये राहत असेल तर तरीही हे शुल्क लागेल का, असं विचारायचंय. पण हे पाच शब्द एकटे आत पाठवा आणि बघा. शोधणाऱ्याच्या हातात फक्त "मुलगी" आणि "राहणं" आहे. तो मग कुटुंबाची व्याख्या काढेल, नामनिर्देशनाचं कलम काढेल, सभासद वारल्यावर वारसांचं काय ते काढेल, कारण मुलगा-मुलगी हे शब्द तिथे भरपूर आहेत. बिनभोगवटा शुल्काच्या ज्या तुकड्यात सूट लिहिली आहे तो वरच्या पाचात येईलच याची काही खात्री नाही, कारण तो तुकडा मुख्यतः शुल्काबद्दल आहे आणि चिठ्ठीत शुल्काचा उल्लेखच नाही.

आणि मग वाईट गोष्ट होते. उत्तर लिहिणाऱ्याला मागचं संभाषण दिसतं, त्यामुळे प्रश्न शुल्काचा आहे हे त्याला समजतं, पण त्याच्यासमोर तुकडे आलेत वारसांचे. तो एकतर "माहिती नाही" म्हणतो, किंवा मागच्या उत्तरातले 10 टक्के उचलून मुलीलाही लावून टाकतो, आणि हे दुसरं जास्त घातक, कारण वाचणाऱ्याला ते खरं वाटतं. प्रत्यक्षात आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या कुटुंबातली माणसं किंवा विवाहित मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. भाषा छान, सूर आत्मविश्वासाचा, आणि उत्तर उलटं.

## मधली एक पायरी: चिठ्ठी नव्याने लिहायची

उपाय समजायला सोपा आहे. शोधायला पाठवण्याआधी मागचं संभाषण आणि नवा प्रश्न एका भाषा मॉडेलला द्यायचा आणि सांगायचं की हा प्रश्न असा लिही की ज्याने आधीचं काहीच ऐकलं नाही त्यालाही तो कळेल. त्या लिहिलेल्या प्रश्नाने शोधायचं. लँगचेन नावाची या कामासाठी बरीच वापरली जाणारी तयार कोडची लायब्ररी आहे, तिच्या उदाहरणांमध्ये मॉडेलला दिलेली सूचना अशी असते:

```
Given a chat history and the latest user question which might
reference context in the chat history, formulate a standalone
question which can be understood without the chat history.
Do NOT answer the question, just reformulate it if needed and
otherwise return it as is.
```

यातल्या शेवटच्या वाक्याचे दोन भाग नीट बघा. पहिला भाग सांगतो की उत्तर देऊ नकोस, फक्त प्रश्न लिही. हे मुद्दाम सांगावं लागतं कारण या मॉडेलांना प्रश्न दिसला की उत्तर द्यायची इतकी सवय असते की चिठ्ठीच्या जागी ते "नाही, मुलीला शुल्क लागत नाही" असं काहीतरी लिहून मोकळे होतात, आणि मग ते वाक्यच शोधायला जातं. दुसरा भाग सांगतो की गरज नसेल तर प्रश्न आहे तसाच परत दे. पहिल्याच प्रश्नाला तर मागे संभाषण नसतंच, तेव्हा ही पायरी सरळ सोडून देतात.

यात मी स्वतः आणखी एक ओळ नेहमी टाकतो, की प्रश्न ज्या भाषेत आला त्याच भाषेत लिही. ती नसली तर सूचना इंग्रजीत आहे म्हणून मॉडेल कधीकधी मराठी प्रश्न इंग्रजीत लिहून देतं, आणि कागदपत्र मराठी असलं, त्यात शब्दाला शब्द जुळवून शोध चालू असला, तर हाती काहीच लागत नाही.

तर आपला दुसरा प्रश्न आता असा होतो: "फ्लॅटमध्ये सभासदाची मुलगी राहत असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं का?" हे आत गेलं की सुटीचं कलम वर येतं. काम झालं.

## खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नाला

इथपर्यंत बहुतेक लेख थांबतात, दुसऱ्या प्रश्नाचा डेमो दाखवतात आणि टाळ्या घेतात. पण बॉट कितपत चांगला आहे ते तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कळतं. आपल्या संभाषणातला पुढचा प्रश्न:

"आणि तिच्या नावावर केला तर?"

"तिच्या" म्हणजे मुलीच्या. "केला" म्हणजे पुल्लिंगी काहीतरी, म्हणजे फ्लॅट. इथवर मराठी व्याकरण स्वतःच मदत करतं आणि चांगलं मॉडेल हे बरोबर ओळखतं. पण विचारायचंय नक्की काय? मॉडेल मागे बघतं, दोन्ही प्रश्न बिनभोगवटा शुल्काचे, म्हणून ते लिहितं: "फ्लॅट मुलीच्या नावावर केला तर बिनभोगवटा शुल्क लागतं का?"

वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पूर्ण आहे, एकटं समजतं. आणि चुकीचं आहे. कारण फ्लॅट नावावर केला की मुलगीच सभासद झाली, मग बिनभोगवट्याचा प्रश्नच बदलतो. विचारणाऱ्याला जे हवंय ते असं: "सभासदाने फ्लॅट मुलीच्या नावावर हस्तांतरित केला तर सोसायटी किती पैसे घेऊ शकते?" याचं उत्तर वेगळ्याच कलमात आहे, हस्तांतरणाच्या अधिमूल्याच्या, ज्याला सगळे ट्रान्सफर प्रीमियम म्हणतात. महानगरपालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे आणि कुटुंबातल्या माणसाच्या नावावर करताना ते घेता येत नाही.

म्हणजे बघा, पहिल्या प्रश्नातून पुढे काय न्यायचं होतं? "सोसायटी जास्तीचे किती पैसे घेऊ शकते" हा हेतू न्यायचा होता, "बिनभोगवटा शुल्क" हे विशिष्ट नाव मागे सोडायचं होतं. दुसऱ्या प्रश्नात मात्र तेच नाव न्यावं लागलं होतं. मागचं किती उचलायचं आणि किती सोडायचं, या पायरीतलं सगळं कौशल्य इथे आहे, आणि याला कुठलाही ठरलेला नियम पुरत नाही. सर्वनामाच्या जागी नाव टाका एवढंच हे काम असतं तर ते कधीच सुटलं असतं.

या प्रकारची घसरण ओळखायची एक खूण आहे: लिहिलेल्या प्रश्नांमध्ये एकच शब्दसमूह ओळीने प्रत्येक वेळी येत राहतो, विचारणारा पुढे गेला तरी. लॉगमध्ये, म्हणजे बॉटने ठेवलेल्या नोंदींत, सलग पाच चिठ्ठ्यांवर "बिनभोगवटा शुल्क" दिसलं की समजायचं मॉडेल चिकटून बसलंय. माझ्या अनुभवात यावर दोन गोष्टींचा उपयोग होतो, एक म्हणजे सूचनेतच अशी दोन-तीन उदाहरणं द्यायची जिथे विषय बदललाय आणि जुना शब्द मुद्दाम सोडलाय, आणि दुसरी म्हणजे आख्खं संभाषण न देता शेवटच्या तीन-चार प्रश्नोत्तरांपुरतंच द्यायचं.

## पदरचं घालायचं नाही

याच्या उलट एक चूक असते आणि ती जास्त छुपी आहे. मॉडेलला वाक्य नीटनेटकं करायची हौस असते. कोणी विचारतं, "आणि माझा भाचा राहत असेल तर?" मॉडेल लिहितं, "फ्लॅटमध्ये सभासदाच्या कुटुंबातील सदस्य राहत असल्यास बिनभोगवटा शुल्क लागते का?" किती सुरेख, अगदी उपविधींच्या भाषेत. पण भाचा गेला! उपविधींमध्ये कुटुंबात कोण कोण धरायचं याची यादीच दिलेली आहे, आणि भाचा त्या यादीत बसतो की नाही हेच तर विचारणाऱ्याला बघायचं होतं. मॉडेलने तो प्रश्न विचारायच्या आधीच सोडवून टाकला, आणि शोधणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

तसंच "मुलगी" चं "विवाहित मुलगी" करणं, "जास्तीचे पैसे" चं "दंड" करणं, "गेल्या वर्षी" च्या जागी मनाने एखादं साल टाकणं. आणि आकडे गळणं, म्हणजे प्रश्नात "11 महिन्यांचा करार" होता आणि चिठ्ठीत नुसता "करार" राहिला. म्हणून नियम असा ठेवायचा की विचारणाऱ्याने वापरलेली नावं, नाती, आकडे, तारखा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत, आणि नवीन शब्द आलाच तर तो मागच्या संभाषणात कुठेतरी असला पाहिजे. ही दुसरी अट थोड्याशा कोडने तपासताही येते, चिठ्ठीतला जो शब्द संभाषणात कुठेच नाही त्यावर खूण करायची आणि तशा चिठ्ठ्या माणसाने अधूनमधून डोळ्याखालून घालायच्या. मराठीत प्रत्ययांमुळे शब्दाचं रूप बदलतं (मुलगी, मुलीला, मुलीच्या) म्हणून ही तपासणी खोट्या खुणाही बऱ्याच करते, पण खऱ्या सापडतात त्यासाठी ते सोसण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र न चुकता करायची. नव्याने लिहिलेला प्रश्न फक्त शोधण्यासाठी. उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलला विचारणाऱ्याचा मूळ प्रश्न आणि संभाषण द्यायचं. असं केलं तर चिठ्ठीत भाचा हरवला तरी उत्तर लिहिताना तो परत समोर येतो, आणि तुकड्यांमध्ये कुटुंबाची यादी आली असेल तर उत्तर सावरतं. काहीजण थोड्याशा बचतीसाठी मूळ प्रश्न फेकून देतात आणि चिठ्ठीलाच प्रश्न मानून पुढे जातात, तिथे मग चूक सुधारायला जागाच उरत नाही.

## मग सगळं संभाषणच शोधायला का नाही पाठवत?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि तो रास्त आहे. वेगळं मॉडेल कशाला, मागचे चार मेसेज जोडून तेच शोधायला टाका की.

करून बघता येतं, आणि दुसऱ्या प्रश्नाला ते बऱ्याचदा चालूनही जातं. पण एम्बेडिंग हे सगळ्या मजकुराचा मिळून एकच अर्थ काढतं. पहिला प्रश्न, त्याचं लांबलचक उत्तर, दुसरा प्रश्न, त्याचं उत्तर, हे सगळं शुल्काबद्दलचं, आणि त्याच्या शेवटी "आणि तिच्या नावावर केला तर" हे पाच शब्द. एकत्रित अर्थात त्या पाच शब्दांचं वजन किती पडणार? शोध परत बिनभोगवटा शुल्कावरच जाऊन बसतो. शब्दाला शब्द जुळवणारा शोध असेल तरी तेच, जुने शब्द संख्येने जास्त असतात. म्हणजे संभाषण जेवढं लांबतं तेवढा शोध मागे ओढला जातो, आणि लांब संभाषणातच तर आपल्याला मदत हवी होती.

## आता मॉडेलं एवढी मोठी झालीत, आख्खं पुस्तकच का नाही देत?

देता येत असेल तर खुशाल द्या, मी तर म्हणेन आधी तेच बघा. एका सोसायटीचे उपविधी एवढंच काम असेल तर आजची बरीच मॉडेलं ते आख्खं पुस्तक एका वेळी वाचू शकतात, मग शोधणं नाही, चिठ्ठी नाही, हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही. पण प्रत्येक प्रश्नाला ते सगळं पुस्तक पुन्हा वाचायचे पैसे आणि वेळ लागतो. आणि कागद वाढत जातात, उपविधींच्या शेजारी सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं येतात, शासनाची परिपत्रकं येतात, लेखापरीक्षणाचे अहवाल येतात, आणि मग शोधल्याशिवाय गत्यंतर नसतं. शोध आला की चिठ्ठी आली.

काही नव्या बॉटमध्ये वेगळी पायरी दिसत नाही, तिथे उत्तर देणारं मॉडेलच ठरवतं की आता शोधायला हवं आणि शोधाचे शब्द स्वतःच लिहितं. तिथेही काम तेच चाललेलं असतं, वर सांगितलेल्या दोन्ही चुका तिथेही होतात. फक्त तुम्हाला ते शब्द लॉगमधून शोधून बघावे लागतात.

वेळेचं म्हणाल तर हो, एक जास्तीचा फेरा पडतो, उत्तर तेवढं उशिरा सुरू होतं. पण चिठ्ठी म्हणजे एक वाक्य, त्याला छोटं आणि स्वस्त मॉडेल पुरतं.

## बॉटची आधीची उत्तरंही चिठ्ठी लिहिणाऱ्याला द्यायची का?

द्यावी लागतात. एकतर लोक विचारतात "तो दुसरा मुद्दा जरा नीट सांगा", आणि दुसरा मुद्दा उत्तरात असतो, प्रश्नात नाही. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या संभाषणात विचारणाऱ्याने "बिनभोगवटा शुल्क" हा शब्द कधीच वापरला नव्हता, तो म्हणाला होता "जास्तीचे पैसे". पुस्तकातला शब्द बॉटच्या पहिल्या उत्तरात आला आणि तिथून तो दुसऱ्या चिठ्ठीत गेला, म्हणून तर बरोबर कलम सापडलं.

पण याच वाटेने चूकही पुढे जाते. पहिल्या उत्तरात बॉटने चुकून दंडाचं कलम सांगितलं असेल तर पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत "दंड" जाईल, प्रत्येक शोध दंडाकडे वळेल, आणि विचारणाऱ्याला वाटेल की बॉट हट्टाला पेटलाय. यावर एक व्यवहारी तोड म्हणजे दोन शोध करायचे, एक नव्या चिठ्ठीने, एक मूळ प्रश्नाने, आणि दोन्हीकडचे वरचे तुकडे एकत्र करायचे. मूळ प्रश्न बऱ्यापैकी पूर्ण असेल तर तो चुकीच्या चिठ्ठीतून वाचवतो. "आणि मुलगी?" सारखा तुटका असेल तर त्याने फार फरक पडत नाही, फक्त दोन-चार निरुपयोगी तुकडे जास्त येतात.

## बरोबर चाललंय हे कळणार कसं

चिठ्ठी वाचायला छान आहे की नाही यावरून नाही. तिने बरोबर कलम वर आलं का, यावरून. वर बघितलंच की "मुलीच्या नावावर केला तर बिनभोगवटा शुल्क" हे वाक्य वाचायला एकदम ठीक होतं.

त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला लॉगमध्ये तीन ओळी एकाखाली एक दिसल्या पाहिजेत:

```
विचारलं : आणि तिच्या नावावर केला तर?
शोधलं  : फ्लॅट मुलीच्या नावावर केला तर बिनभोगवटा शुल्क लागतं का?
सापडलं : बिनभोगवटा शुल्क; पोटभाडेकरू; सेवा शुल्क
```

या तीन ओळी वाचल्या की दोष कुठे आहे ते लगेच कळतं. दुसरी ओळ चुकली असेल तर चिठ्ठी लिहिणारा चुकला. दुसरी बरोबर आणि तिसरी चुकली तर शोध किंवा पुस्तकाचे तुकडे पाडण्यात घोळ आहे. तिन्ही बरोबर आणि तरी उत्तर चुकलं तर उत्तर लिहिणारा. हे वेगळं केल्याशिवाय लोक महिनोन्‌महिने चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतात, मोठं मॉडेल घेतात, तुकडे लहान करतात, आणि खोट असते दुसऱ्या ओळीत.

मोजायचं असेल तर खऱ्या संभाषणांमधले पन्नासेक मधले प्रश्न घ्या (पहिले नाही, ते सोपे असतात), प्रत्येकासाठी बरोबर कलम कुठलं ते उपविधी माहीत असलेल्या माणसाकडून लिहून घ्या, आणि त्याच माणसाला सांगा की तू चिठ्ठी लिहिली असतीस तर काय लिहिलं असतंस. मग तीनदा शोधा: मूळ प्रश्नाने, मॉडेलच्या चिठ्ठीने, माणसाच्या चिठ्ठीने, आणि बरोबर कलम वरच्या पाचात किती वेळा आलं ते बघा. माणसाची चिठ्ठी म्हणजे वरची मर्यादा, मॉडेल त्याच्या किती जवळ पोचलं एवढंच बघायचं. माणसाच्या चिठ्ठीनेही सापडत नसेल तर प्रश्न चिठ्ठीचा नाहीच.

ही तुलना काही मी शोधून काढलेली नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ट्रेक या शोध-संशोधनाच्या उपक्रमात संभाषणातल्या शोधावर कास्ट नावाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, त्यात प्रत्येक संभाषणासोबत माणसांनी पूर्ण करून लिहिलेले प्रश्नही दिले होते. त्यातलं एक संभाषण घशाच्या कॅन्सरवर सुरू होतं, तो बरा होतो का असं विचारतं, मग फुफ्फुसाच्या कॅन्सरवर जातं, त्याची लक्षणं विचारतं, मग "तो घशात पसरू शकतो का", मग पुन्हा घशाच्या कॅन्सरवर येतं, तो आणि अन्ननलिकेचा कॅन्सर एकच का असं विचारतं आणि पुढे "त्यांच्या लक्षणांत फरक काय" असं विचारतं. मधूनमधून "तो" कोण ते बदलतं, आणि शेवटी "त्यांच्या" मध्ये दोघं येतात. तुमचा बॉट तपासायला असं मागेपुढे जाणारं एक तरी संभाषण स्वतःच्या कागदपत्रांवर बनवून ठेवा.

## जिथे लिहूच नये

"ठीक आहे, धन्यवाद" हा मेसेज आला तर काय? सूचनेत सोय केली नाही तर मॉडेल त्याचाही प्रश्न बनवतं आणि बॉट आभाराच्या उत्तरात 25,000 रुपयांचं अधिमूल्य समजावून सांगतो. म्हणून शोधायची गरज नसेल तर तसं सांगायचा एक पर्याय मॉडेलला द्यावा लागतो.

आणि काही प्रश्न असे असतात की माणसालाही चिठ्ठी लिहिता येणार नाही. आपल्या संभाषणात पुढे कोणी विचारलं, "आणि पार्किंगचं काय?" आता हे भाडेकरूच्या पार्किंगबद्दल आहे, मुलगी राहते तिच्याबद्दल आहे, की फ्लॅट नावावर केल्यावर पार्किंगही जातं का याबद्दल? तिन्ही अर्थ बसतात आणि तिन्हींची कलमं वेगळी असू शकतात. मॉडेलला सक्ती केली तर ते एक निवडेल, बहुधा सगळ्यात अलीकडचा, आणि विचारणाऱ्याला कळणारही नाही की निवड झाली. अशा वेळी शोधायला न जाता सरळ विचारावं: "भाडेकरूच्या पार्किंगबद्दल विचारताय की फ्लॅट मुलीच्या नावावर केल्यावरच्या?" हे दर वेळी विचारलं तर लोक कंटाळतील, म्हणून जिथे अर्थ बदलला की उत्तर बदलतं तिथेच. बाकीच्या वेळी उत्तराच्या वर बारीक अक्षरात "यासाठी शोधलं:" असं लिहून ती चिठ्ठीच दाखवून द्या, म्हणजे काकूंना चूक दिसली की त्या एका वाक्यात दुरुस्त करतील.